एका पिक्सेलचा हिशेब: प्रकाश पडल्यापासून आकडा मिळेपर्यंत

कॅमेऱ्याची रॉ फाईल उघडली की प्रत्येक पिक्सेलच्या नावावर एक पूर्णांक दिसतो. २६८, २७३, २६१ असे काहीतरी. यातला २६८ हा आकडा कुठून आला, याचा माग आपण या लेखात काढणार आहोत. सेन्सर सीमॉस प्रकारचा आणि पिक्सेल चार ट्रान्झिस्टरचा. आज मोबाइलपासून डीएसएलआरपर्यंत जवळपास सगळीकडे हीच रचना किंवा तिचा एखादा भाऊबंद आढळतो. शेवटी रास्पबेरी पायचा साधा कॅमेरा वापरून आपल्या सेन्सरमध्ये एका अंकामागे किती इलेक्ट्रॉन असतात, तेही मोजून पाहू. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

आधी हिशेबासाठी एक पिक्सेल ठरवून घेऊ. पुढचे आकडे कुठल्या विशिष्ट कंपनीच्या सेन्सरचे नाहीत, पण लहान पिक्सेलमध्ये ते साधारण याच घरातले असतात. पिक्सेलमध्ये जास्तीत जास्त ६००० इलेक्ट्रॉन मावतात. प्रभार मोजण्याच्या जागेची धारिता १.६ फेम्टोफॅरड आहे. आकडा १० बिटांचा, म्हणजे ० ते १०२३ मधला. एका फोटोच्या वेळात या पिक्सेलवर २००० हिरवे फोटॉन पडले, असे धरू.

पायरी १: फोटॉनचा इलेक्ट्रॉन होतो

सिलिकॉनमधला बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा करायला १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या फोटॉनकडे सुमारे २.२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात. ऊर्जा दुप्पट असली तरी इलेक्ट्रॉन मोकळा होतो तो एकच, उरलेली ऊर्जा उष्णतेत जाते. त्यामुळे दृश्य प्रकाशात एका शोषलेल्या फोटॉनमागे एक इलेक्ट्रॉन आणि त्याच्या जाण्याने उरलेली एक मोकळी जागा, म्हणजे होल, हे गणित पक्के. सुमारे ११०० नॅनोमीटरच्या पलीकडच्या अवरक्त प्रकाशात तेवढी ऊर्जाच नसते, म्हणून सिलिकॉन तिथे आंधळे होते.

पण पडलेला प्रत्येक फोटॉन कामी येत नाही. काही परावर्तित होतात, काही रंगाच्या फिल्टरमध्ये अडकतात, काही खोल जाऊन भलत्याच ठिकाणी शोषले जातात. निळा प्रकाश सिलिकॉनमध्ये अर्ध्या मायक्रोमीटरच्या आतच बराचसा शोषला जातो, तर लाल काही मायक्रोमीटर खोल जातो. आपल्या पिक्सेलमध्ये शंभरातले साठ फोटॉन उपयोगी पडतात असे धरले तर २००० फोटॉनमधून १२०० इलेक्ट्रॉन मिळतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी: एकदा इलेक्ट्रॉन मोकळा झाला की तो निळ्या प्रकाशाने झाला की लाल, याची कुठलीही खूण त्याच्यावर राहत नाही. पिक्सेलचा रंग आपल्याला कळतो तो केवळ त्याच्या डोक्यावर कुठल्या रंगाचा फिल्टर बसवला आहे, हे आधीपासून माहीत असते म्हणून.

पायरी २: इलेक्ट्रॉन साठवायचे

मोकळा झालेला इलेक्ट्रॉन होलच्या तावडीत सापडला तर पुन्हा बांधला जातो आणि सगळे मुसळ केरात. दोघांना लगेच वेगळे करण्याचे काम फोटोडायोडचे. आजच्या पिक्सेलमधला फोटोडायोड ‘पिन्ड’ जातीचा असतो: खाली पी प्रकारचे सिलिकॉन, त्यात पुरलेला एन प्रकारचा थर आणि त्याच्यावर पृष्ठभागाशी पी प्रकारचा एक अगदी पातळ, भरपूर अशुद्धी मिसळलेला थर. इलेक्ट्रॉन मधल्या एन थरात येऊन थांबतात, होल पी भागातून निघून जातात.

वरचा पातळ थर दिसायला किरकोळ, पण खरी करामत त्याचीच. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर अणूंचे बंध अर्धवट तुटलेले असतात आणि तिथून प्रकाश नसतानाही इलेक्ट्रॉन निसटत राहतात. हा थर होलांनी भरलेला असल्यामुळे ती गळती बरीचशी तिथल्या तिथे दाबली जाते. शिवाय दोन्ही बाजूंनी पी थरांत दाबलेला एन थर पूर्ण रिकामा करता येतो. रिकामा झाल्यावर त्याचे विभव एका ठरावीक मूल्यावर येऊन थांबते. आपण ते १.२ व्होल्ट धरू. ‘पूर्ण रिकामा’ या शब्दांवर पुढचा सगळा डोलारा उभा आहे.

ही रचना नोबुकाझू तेरानिशी यांनी १९८० मध्ये एनईसी कंपनीत शोधली, तीही सीसीडी या सीमॉसच्या आधीच्या सेन्सरसाठी. सीमॉस पिक्सेलमध्ये ती आली १९९० च्या दशकात, एरिक फॉसम आणि नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या त्यांच्या गटाच्या कामातून आणि कोडॅकच्या सहभागाने. २०१७ चा क्वीन एलिझाबेथ अभियांत्रिकी पुरस्कार ज्या चौघांना मिळाला, त्यांत हे दोघेही होते.

पायरी ३: मोजण्याची जागा वेगळी ठेवायची

फोटोडायोडशेजारी एन प्रकारचा एक छोटा ठिपका असतो. त्याला फ्लोटिंग डिफ्यूजन म्हणतात. दोघांच्या मध्ये ट्रान्सफर गेट हे दार आहे. हा झाला पहिला ट्रान्झिस्टर. दुसरा, रिसेट, ठिपक्याला पुरवठ्याच्या व्होल्टेजला जोडतो किंवा तोडतो. तिसरा, सोर्स फॉलोअर, ठिपक्याचे व्होल्टेज त्यातला प्रभार न घेता बाहेर दाखवतो. चौथा, रो सिलेक्ट, तो पिक्सेल आपल्या स्तंभाच्या तारेला जोडतो. लहान पिक्सेलमध्ये जागा वाचवण्यासाठी दोन किंवा चार फोटोडायोड मिळून एकच ठिपका वापरतात, पण चालण्याची पद्धत तीच.

ठिपका इतका लहान का, हे गणितात लगेच दिसते. एका इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६ × १०⁻¹⁹ कुलोम. त्याला १.६ फेम्टोफॅरडने भागले की १०० मायक्रोव्होल्ट. म्हणजे एक इलेक्ट्रॉन आला की ठिपक्याचे व्होल्टेज १०० मायक्रोव्होल्टने उतरते. धारिता दुप्पट असती तर ५० मायक्रोव्होल्टच मिळाले असते आणि पुढच्या सर्किटच्या गोंगाटात एकेक इलेक्ट्रॉन ओळखणे तेवढेच अवघड झाले असते.

पायरी ४: वाचन, आणि त्यातला क्रम

नवशिक्याने सर्वांत जास्त वेळ द्यावा तो इथे. फोटोची सुरुवात होते ती रिसेट आणि ट्रान्सफर गेट दोन्ही एकदम उघडून. फोटोडायोडमधला जुना प्रभार वाहून जातो, दोन्ही दारे बंद होतात आणि इलेक्ट्रॉन साठू लागतात. एक्स्पोजर संपत आले की त्या ओळीचे वाचन सुरू होते.

प्रथम रो सिलेक्ट लावतात. मग रिसेट क्षणभर उघडून ठिपका २.६ व्होल्टपर्यंत चढवतात आणि रिसेट बंद करतात. त्या बंद होण्याच्या क्षणी एक घोटाळा होतो. उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सतत आत-बाहेर करत असतात आणि दार लागले की जे आत सापडले ते आतच राहतात. ही चूक बोल्ट्झमनचा स्थिरांक k, तापमान आणि धारिता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतकी असते. आपल्या १.६ फेम्टोफॅरडला खोलीच्या तापमानाला ती सुमारे १६ इलेक्ट्रॉन येते आणि दर वेळी वेगळी असते. अंधारातल्या फोटोत जिथे पिक्सेलमध्ये मुळात दहा-वीस इलेक्ट्रॉन असतात, तिथे ही चूक सगळे चित्र खाऊन टाकेल.

यावर उपाय असा. दुकानदार तेल मोजण्याआधी रिकाम्या भांड्याचा धडा करून घेतो, तसेच प्रभार यायच्या आधीच ठिपक्याचे रिकामे व्होल्टेज मोजून ठेवायचे. त्यानंतर ट्रान्सफर गेट उघडायचा. फोटोडायोड १.२ व्होल्टवर, ठिपका २.६ वर. इलेक्ट्रॉन जास्त विभवाकडे धावतात, त्यामुळे सगळेच्या सगळे १२०० पलीकडे जातात. ठिपका १२०० × १०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे १२० मिलिव्होल्टने खाली येतो. गेट बंद करून पुन्हा मोजायचे. दोन्ही मोजण्यांत अडकलेली चूक अगदी तीच असते, कारण मधल्या काळात रिसेट उघडलेलाच नाही. वजाबाकीत ती निघून जाते.

जुन्या तीन ट्रान्झिस्टरच्या पिक्सेलमध्ये हे जमत नव्हते. तिथे ट्रान्सफर गेट नसल्यामुळे फोटोडायोड हीच मोजण्याची जागा. आधी संकेत वाचायचा, मग रिसेट करून रिकामे मूल्य वाचायचे, असा उलटा क्रम लावावा लागे. ते रिकामे मूल्य नव्या रिसेटचे असे, आधीच्या नव्हे. दोन वेगवेगळ्या चुका एकमेकींतून वजा केल्या तर त्या जात नाहीत, उलट एकूण गोंगाट वाढतो.

फोटोडायोड पूर्ण रिकामा होतो, या गोष्टीचा फायदाही इथेच समजतो. त्यात दर वेळी थोडे इलेक्ट्रॉन मागे राहिले असते, तर त्या उरलेल्यांची संख्या बदलत राहिली असती आणि ती चूक कुठल्याच वजाबाकीने निघाली नसती. म्हणून रचना करणारे एक अट पाळतात: पूर्ण भरलेल्या पिक्सेलचे ६००० इलेक्ट्रॉन ठिपक्यात आल्यावरही त्याचे विभव फोटोडायोडपेक्षा बरेच वर राहिले पाहिजे. आपल्याकडे २.६ मधून ०.६ गेले की २.० उरतात. १.२ च्या मानाने हे अंतर पुरेसे आहे.

पायरी ५: व्होल्टेजचा आकडा

सोर्स फॉलोअर व्होल्टेज जसेच्या तसे देत नाही, थोडे घटवतो. ०.८५ पट धरले तर १२० चे १०२ मिलिव्होल्ट होतात. स्तंभाच्या तळाशी एक तुलनाकार आणि एक मोजणी यंत्र बसलेले असते. सगळ्या स्तंभांना एकच उतरते व्होल्टेज दिले जाते, ते दर ठोक्याला ०.५ मिलिव्होल्ट खाली येते. ज्या ठोक्याला ते पिक्सेलच्या व्होल्टेजखाली जाते, तिथे त्या स्तंभाची मोजणी थांबते.

आपल्या पिक्सेलचे रिकामे मूल्य ४० व्या ठोक्याला सापडले, असे समजा. संकेत १०२ मिलिव्होल्टने खाली, म्हणजे २०४ ठोके पुढे, २४४ व्या ठोक्याला सापडेल. पुष्कळ सेन्सरमध्ये मोजणी यंत्र पहिल्या खेपेला उलटे मोजते आणि दुसऱ्या खेपेला सुलटे, त्यामुळे शेवटी आपोआप २०४ उरतात. शेजारच्या ओळीतल्या पिक्सेलचा सोर्स फॉलोअर जरा वेगळा बनला आहे आणि त्याचे रिकामे मूल्य ५२ वर येते, असे धरले तर त्याचा संकेत २५६ वर येईल. फरक तरीही २०४ च. रिसेटच्या चुकीबरोबर ट्रान्झिस्टरांमधला हा कायमचा फरकही त्याच वजाबाकीत गेला.

शेवटी त्यात ६४ मिळवतात. २०४ अधिक ६४ म्हणजे २६८. हा ६४ चा पाया यासाठी, की पूर्ण अंधारात गोंगाटामुळे आकडा शून्याच्या खाली गेला तरी तो कापला जाऊ नये. रॉ आकड्यांवर काहीही गणित करण्याआधी हा पाया वजा करायचा असतो. तो विसरला की पुढचे सगळे गुणोत्तर चुकते.

गेन वाढवला की काय होते, हेही यातूनच उलगडते. अशा सेन्सरमध्ये उतार निम्मा करतात, ठोक्याला ०.२५ मिलिव्होल्ट. मग तेच १०२ मिलिव्होल्ट ४०८ ठोके घेतात. इलेक्ट्रॉन मात्र १२०० चेच. गेन एकला १०२३ चे टोक सुमारे ५६४० इलेक्ट्रॉनवर येत होते, ते आता २८२० वर येते. म्हणून उजेड भरपूर असताना आयएसओ चढवू नये: अर्धा पिक्सेल रिकामा असतानाच आकडा टोकाला जाऊन बसतो.

आता आपल्या सेन्सरवर मोजू

फोटॉन येतात ते बेहिशेबी अंतराने, त्यामुळे १२०० इलेक्ट्रॉनच्या सरासरीत √१२००, म्हणजे सुमारे ३५ इलेक्ट्रॉनचा चढउतार असतोच. सेन्सर कितीही उत्तम असला तरी हा जात नाही, आणि हाच आपल्या उपयोगी पडतो. चढउताराच्या वर्गाला प्रसरण म्हणतात. इलेक्ट्रॉनमध्ये मोजले तर सरासरी आणि प्रसरण दोन्ही १२००. आपल्या पिक्सेलमध्ये एका अंकामागे ५.८८ इलेक्ट्रॉन आहेत. म्हणजे अंकांत सरासरी २०४ आणि प्रसरण १२०० भागिले ५.८८ चा वर्ग, सुमारे ३४.७. आता २०४ ला ३४.७ ने भागा: ५.८८. आत न डोकावता, नुसत्या आकड्यांच्या थरथरीवरून एका अंकामागचे इलेक्ट्रॉन सापडले.

रास्पबेरी पायचा कॅमेरा मॉड्यूल २ घेतला तर त्यात सोनीचा आयएमएक्स२१९ सेन्सर असतो: १.१२ मायक्रोमीटरचे पिक्सेल, १० बिट. भिंगावर पांढरा कागद लावा आणि दिवसाच्या स्थिर उजेडाकडे कॅमेरा रोखा. मग एकामागून एक दोन अगदी सारखे फोटो काढा:

```
rpicam-still -n -r --immediate --shutter 10000 --gain 1 --awbgains 1,1 -o a.jpg
rpicam-still -n -r --immediate --shutter 10000 --gain 1 --awbgains 1,1 -o b.jpg
```

`-r` मुळे शेजारी `a.dng` आणि `b.dng` तयार होतात. जेपीजी इथे निरुपयोगी आहे, कारण त्यातला गोंगाट आधीच गाळलेला असतो. मग हे चालवा:

```python
import rawpy

def patch(name):
    with rawpy.imread(name) as r:
        img = r.raw_image_visible.astype(float)
        blk = r.black_level_per_channel[0]
    h, w = img.shape
    y, x = h//4*2, w//4*2 + 1
    return img[y:y+200:2, x:x+200:2] - blk

a, b = patch("a.dng"), patch("b.dng")
s = (a.mean() + b.mean()) / 2
v = (a - b).var() / 2
print(s, v, s / v)
```

दोनच्या उड्या मारल्या आहेत त्या एकाच रंगाचे पिक्सेल घेण्यासाठी. दोन फोटोंची वजाबाकी करतो, कारण कागदाचा पोत, भिंगाच्या कडेचा अंधार, पिक्सेलपिक्सेलमधला फरक हे दोन्ही फोटोंत सारखेच असते आणि त्यामुळे निघून जाते. उरतो तो खरा थरथराट, दोन फोटोंचा मिळून, म्हणून दोनने भाग. दहा हजार पिक्सेल घेतल्याने प्रसरणातली सांख्यिकीय चूक दीड टक्क्याच्या आसपास राहते. तुमच्या फाईलमधला पाया ६४ ऐवजी ४०९६ असेल, तर आकडे १६ बिटांवर ताणलेले आहेत. तसे असेल तर शेवटच्या उत्तराला ६४ ने गुणा, म्हणजे १० बिटांच्या अंकामागचे इलेक्ट्रॉन मिळतील.

शटरचा काळ बदलून सहा-सात उजेडांवर हेच करा. मधल्या पट्ट्यात भागाकार जवळजवळ तोच यायला हवा. खूप उजेडात तो अचानक उसळला तर पिक्सेल टोकाला पोचले आहेत: सगळे १०२३ वर अडकल्याने थरथर संपते, प्रसरण कोसळते. अगदी कमी उजेडात तो घटला तर समजावे की वाचनाच्या सर्किटचा स्वतःचा गोंगाट मिसळतो आहे. झाकण लावून अंधारातली एक जोडी घ्या आणि तिचे प्रसरण वजा करून पाहा.

ट्यूबलाइटखाली हा प्रयोग बहुतेक वेळा फसतो. आयएमएक्स२१९ मध्ये ओळी एकाच वेळी वाचल्या जात नाहीत. पूर्ण आकाराच्या फोटोत एका ओळीला सुमारे १९ मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जवळपास ४७ मिलिसेकंद जातात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा खालीवर होतो आणि फोटोत आडवे पट्टे उमटतात. दुसऱ्या फोटोत ते पट्टे दुसरीकडे असतात, वजाबाकीत जात नाहीत आणि प्रसरण उगाच फुगते. दिवसाचा उजेड मिळत नसेल तर शटर १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीला दिव्याचे पूर्ण हेलकावे मिळतात.

आणखी एक दोष तपासण्याजोगा आहे: ट्रान्सफर गेटखाली विभवाचा छोटा उंचवटा राहून गेला तर काही इलेक्ट्रॉन फोटोडायोडमध्येच अडकतात आणि पुढच्या फोटोत बाहेर पडतात. बॅटरीवरचा एलईडी जवळ धरून सलग रॉ चित्रे घ्या आणि मध्येच तो विझवा. एलईडी विझताना जे चित्र निघत होते ते सोडून द्या, पुढचे पूर्ण अंधारातले पहिले आणि त्यानंतरचे दहावे, यांची सरासरी ताडून पाहा. पहिल्यात एलईडीच्या जागी पाया सोडून एखादा-दुसरा अंक जरी जास्त असला आणि दहाव्यात तो नसला, तर ते मागे राहिलेले इलेक्ट्रॉन आहेत. सगळ्या चित्रात सारखाच जास्त असेल आणि सेन्सर तापल्यावर वाढत असेल, तर ती अंधारातली गळती आहे. ती दर सहा ते आठ अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होते, म्हणून अशी मोजणी सेन्सर थंड असताना लागोपाठ उरकावी.